पहिल्या दोन पानांत काय घडतं?

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सहून एका आईचं पत्र आहे. मुलगा १४ वर्षांचा, इयर नाइनमध्ये शिकतो. ‘मला वाचन आवडतच नाही’ हे वाक्य तो घरी येणाऱ्या पाहुण्यांनाही ऐकवतो. वाढदिवसाला जादूच्या दुनियेवरच्या एका जाडजूड मालिकेचा अख्खा संच आणला होता. त्याचा पहिला भाग चाळिसाव्या पानाशी अडकला तो अडकलाच. आजोबांनी पुण्याहून मराठी पुस्तकं पाठवली, त्यांचं प्लास्टिकही निघालेलं नाही. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, जवळजवळ तक्रारीच्या सुरात: ‘फोनवर मात्र फुटबॉलबद्दलचं वाट्टेल तेवढं वाचतो, मॅच संपली की तासभर तेच.’

ताई, पत्रातली सर्वांत कामाची ओळ तीच आहे. मॅचचं लांबलचक विश्लेषण वाचणारा मुलगा वाचतोच आहे, आणि ते लिखाण काही सोपं नसतं. पण तिथली माणसं त्याच्या ओळखीची असतात. कोण कुठे खेळतो, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे त्याला आधीच ठाऊक असतं. जाड फँटसी कादंबरीत नेमकं उलटं होतं: पहिल्या पन्नास पानांत डझनभर नावं, एक नकाशा, दोन राजघराणी, आणि गोष्ट अजून सुरूच नाही. तो चाळिसाव्या पानाला थांबला यात मला तरी आळस दिसत नाही.

तरीही पुस्तकाकडे वळण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. त्याच्या आवडीच्या विषयावरचं छापील पान त्याला मोठ्याने वाचायला सांगा. परीक्षा वाटू देऊ नका, ‘मी स्वयंपाक करतेय, मला वाचून दाखव’ एवढंच म्हणा. तो ओळ चुकतो का, लहान शब्द गाळतो का, लांब शब्दाचा पहिला भाग वाचून उरलेला अंदाजाने ठोकून देतो का, आणि पान संपल्यावर काय वाचलं ते सांगता येतं का, हे नुसतं ऐका. चौदाव्या वर्षी हे सगळं वारंवार होत असेल, तर वाचन त्याला नावडतं यापेक्षा ते त्याला थकवतं असं मानून शाळेतल्या सेन्कोशी बोला. इंग्लंडमधल्या मुख्य प्रवाहातल्या शाळांत विशेष शैक्षणिक गरजा बघणारी ही शिक्षक व्यक्ती असते. ‘घरी मराठी बोलतो म्हणून असं होतंय का?’ असं स्वतःला दोषी धरून विचारू नका. डिस्लेक्सिया घरात दोन भाषा बोलल्याने होत नाही.

वाचताना अडखळणाऱ्या मुलांसाठी एडिंबरोत सुरू झालेल्या बॅरिंग्टन स्टोक या प्रकाशनाची पुस्तकं बघा. १९९८ पासून ते याच कामात आहेत. कागद किंचित पिवळसर, ओळींमध्ये मोकळी जागा, सहज वाचता येईल असं खास अक्षरवळण आणि पुस्तक छोटं. प्रत्येक पुस्तकाचं वाचनवय आणि विषयाचं वय ते वेगवेगळं ठरवतात. भाषा आठ वर्षांच्या मुलाला झेपेल अशी, पण गोष्ट टीनएजरची, असं पुस्तक त्यांच्याकडे मिळतं. टॉम पामर यांच्यासारखे, फुटबॉलवर लिहिणारे लेखक त्यांच्यासाठी लिहितात. एक काळजी घ्या: मुखपृष्ठ बाळबोध दिसत असेल तर भाषा कितीही योग्य असो, ते पुस्तक शाळेच्या दप्तरात जाणार नाही. वर्गातल्या मुलांनी बघितलं तर काय म्हणतील, हा प्रश्न या वयात गोष्टीपेक्षा मोठा असतो.

पत्रावरून मात्र मला तुमचा मुलगा अडखळणारा वाटत नाही. त्याला हवं आहे लगेच सुरू होणारं पुस्तक. लायब्ररीत पुस्तक हातात घेतलं की मागचा मजकूर सोडा, पहिली दोन पानं उभ्या उभ्या वाचा. बोलणारा एकच माणूस हवा, शक्यतो ‘मी’ म्हणून बोलणारा, आणि दुसऱ्या पानापर्यंत त्याच्यापुढे काहीतरी अडचण उभी राहिलेली हवी. प्रकरणं चार-पाच पानांची असतील तर उत्तम, कारण झोपण्याआधी एक प्रकरण संपवता येतं. दोन पानांत नुसतं हवामान आणि घराण्याचा इतिहास असेल तर पुस्तक परत फळीवर ठेवा, त्याला कितीही बक्षिसं मिळालेली असोत.

त्याच्यासाठी मी दोन पुस्तकं सुचवेन. पहिलं क्वामे अलेक्झांडर यांचं ‘बुक्ड’, २०१६ चं. ही मुक्तछंदात लिहिलेली कादंबरी आहे, म्हणजे पानावर थोड्याच ओळी आणि बाकी पान मोकळं. कविता म्हटलं की तो नाक मुरडेल, म्हणून तसं सांगू नका. उघडल्यावर त्याला एवढंच दिसेल की पानं भराभर उलटतात. नायक फुटबॉलवेडा शाळकरी मुलगा आहे, त्याला पुस्तकं आवडत नाहीत, आणि भाषेचे प्राध्यापक असलेले वडील त्याला स्वतः लिहिलेला शब्दकोश सक्तीने वाचायला लावतात. ‘अगदी तुझ्यासारखाच बघ’ हे वाक्य मात्र गिळून टाका. ते त्याचं त्याला कळू दे.

दुसरी ‘ब्लू लॉक’ ही जपानी मांगा, म्हणजे चित्रकथांची मालिका. विश्वचषकात हरलेल्या जपानला अव्वल स्ट्रायकर हवा असतो, म्हणून तीनशे पोरांना एका इमारतीत कोंडून त्यांच्यात झुंज लावली जाते. हिचे तीसहून अधिक भाग आहेत, त्यामुळे विकत घेऊ नका, लायब्ररीतून मागवा. पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं; ते तुम्हाला शिकवताना त्याला भलताच आनंद होईल. सूर आक्रमक आहे, नायक स्वार्थीपणाचे धडे गिरवतात, तेव्हा पहिला भाग तुम्हीही चाळा.

‘चित्रांचं पुस्तक म्हणजे वाचन का?’ असं वडील विचारतील. हो, वाचनच. संवाद, वेळेच्या उड्या, न सांगितलेला राग, हे सगळं चौकटींमधून त्याला जुळवावं लागतं. आणि ‘आता खरं पुस्तक वाच’ असं एकदा जरी कोणी म्हणालं, तरी तेही बंद होईल.

आजोबांच्या पुस्तकांचं काय, तर ती सध्या वेगळी ठेवा. इंग्रजी पुस्तकालाही तयार नसलेल्या मुलाला देवनागरीतून कादंबरी वाचायला लावणं म्हणजे दुप्पट ओझं. मराठी गोष्ट त्याच्या कानावर पडू दे. गाडीतून सामन्याला जाताना ऑडिओबुक लावा, आणि त्यातलीही रहस्यकथा निवडा. चाळीतला विनोद आपल्याला पाठ असतो, पण मिल्टन कीन्सच्या मुलाला आधी चाळ समजावून सांगावी लागते, आणि तोवर हसू विरून जातं.

लायब्ररीतून एका वेळी तीन-चार पुस्तकं आणा, त्याच्या खोलीत नाही तर सोफ्याजवळ ठेवा आणि विषय काढू नका. तीन आठवड्यांनी न वाचलेली परत करा. अर्धवट टाकलेल्याबद्दल एकच प्रश्न विचारा: ‘कुठे कंटाळा आला?’ ‘खूप लोक आले’ म्हणाला, तर पुढचं पुस्तक कमी पात्रांचं निवडा. ‘काही घडतच नव्हतं’ म्हणाला, तर दोन पानांची कसोटी अजून कडक करा. आणि एखादं पूर्ण झालं, तर अभिनंदन वगैरे न करता त्याच मालिकेचा पुढचा भाग त्याच संध्याकाळी राखून ठेवायला सांगा, तुम्हाला तो कितीही सुमार वाटला तरी.