पावसाळ्यात पियानोचा सूर का चढतो?

प्रश्न: मुंबईत घरी अप्राइट पियानो आहे. मे महिन्यात ट्यूनिंग केलं, ऑगस्टमध्ये पुन्हा बेसूर. ट्यूनरने काम नीट केलं नाही का?

उत्तर: बहुधा दोष हवेचा आहे. तारांमागे स्प्रूस लाकडाचा मोठा पातळ साउंडबोर्ड असतो आणि त्याला पुढच्या बाजूला किंचित फुगवटा असतो. दमट हवेत लाकूड फुगलं की फुगवटा वाढतो, तारा ज्यावर टेकतात तो त्यावरचा ब्रिज त्यांना रेटतो, ताण वाढतो आणि सूर चढतो. हिवाळ्यात याच्या उलट. मधल्या सप्तकांत हा फरक सर्वांत जास्त पडतो, खर्जात आणि अगदी वरच्या पट्ट्यांत कमी. म्हणून पियानो नुसता चढत नाही, स्वतःशीच भांडू लागतो. फोनवरच्या ट्यूनर ॲपवर मधला 'ए' ४४० ऐवजी ४४३ हर्ट्झ दाखवत असेल, तर कारण हेच.

खोलीत साधा हायग्रोमीटर ठेवा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असणं उत्तम. मुंबईत ६० वर स्थिर राहिली तरी चालेल, कारण खरा त्रास चढउतारांचा आहे. रात्री एसी आणि दिवसभर उघड्या खिडक्या, हे सर्वांत वाईट. त्यापेक्षा पावसाळाभर दार-खिडक्या लावून डीह्युमिडिफायर चालवा. पट्ट्या दाबल्यावर अडकून बसत असतील, तर ओल आत पोचली असं समजा.

ट्यूनिंग वर्षातून दोनदा पुरे, पण हवा बदलल्यावर दोन-तीन आठवडे थांबून. ऐन जुलैत केलेलं नोव्हेंबरपर्यंत उतरणारच.