दुबईतला भाऊ, 130 दिवस आणि रोख भाडे

प्रश्न: मी विधी शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. भाऊ सहा वर्षांपासून दुबईत नोकरीला आहे. आईच्या आजारपणामुळे 2025-26 मध्ये तो 130 दिवस भारतात होता, आधीच्या चार वर्षांत मिळून 400 दिवस. पुण्यातल्या फ्लॅटचे भाडे महिना 30 हजार, ठेवींचे व्याज वर्षाला 60 हजार. वर्षात 60 आणि आधीच्या चार वर्षांत 365 दिवस या नियमाने तो करासाठी निवासी ठरतो ना? मग दुबईच्या पगारावर कर? मित्र म्हणतो, भाडे रोख घ्या आणि दाखवू नका.

उत्तर: आयकर कायदा, 1961 च्या कलम 6 चे पोटकलम वाचून तुम्ही थांबलात, खालचे स्पष्टीकरण राहिले. परीक्षेतही बहुतेकांचे हेच होते. परदेशात राहणारा भारतीय नागरिक भेटीला येतो तेव्हा 60 ऐवजी 182 दिवस मोजायचे. मात्र परदेशी उत्पन्न वगळून त्याचे उत्पन्न 15 लाखांवर गेले, तर ही मर्यादा 120 दिवसांवर येते.

म्हणून आधी उत्पन्नाची शीर्षके लावा. वर्षाचे भाडे 3 लाख 60 हजार. ते 'घरमिळकत' या शीर्षकात जाते आणि 30 टक्के प्रमाणित वजावटीनंतर 2 लाख 52 हजार उरतात. व्याज 'इतर स्रोतां'त. एकूण 3 लाख 12 हजार, 15 लाखांच्या खूप खाली. भाऊ अनिवासी आहे. दुबईत काम करून तिथेच मिळालेल्या पगारावर भारतात कर नाही.

आता समजा, त्याने याच मार्चअखेर फ्लॅट विकला असता आणि 14 लाखांचा भांडवली नफा झाला असता. उत्पन्न 17 लाखांवर गेले असते आणि 130 दिवसांमुळे तो निवासी झाला असता, पण 'सामान्यतः निवासी नसलेला' या वर्गातला. दुबईचा पगार तरीही सुटला असता. अशा वेळी 119व्या दिवशी विमान पकडूनही अनिवासी दर्जा वाचेलच असे नाही. असे 15 लाखांवर उत्पन्न असलेल्या, पण दुसऱ्या कोणत्याही देशात करपात्र नसलेल्या भारतीय नागरिकाला कलम 6(1क) निवासी मानते, आणि दुबईत पगारावर आयकर नसतो.

खरी जपायची रेषा 182ची. तेवढे दिवस भरले तर मागचा मुक्काम पाहता तो पूर्ण निवासी ठरू शकतो आणि दुबईचा पगारही भारतात करपात्र होईल. ते भरण्याआधी परत जाणे ही करटाळणी, आणि ती कायदेशीर आहे. कायद्यानेच दिवस ठरवून दिलेत. येण्याजाण्याचे दिवस धरायचे की नाही यावर वाद होतात, म्हणून चार-पाच दिवस हातचे ठेवा. पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवा.

भाडे लपवणे ही करचुकवेगिरी. उत्पन्न मिळाले आहे, फक्त विवरणपत्रात खोटे सांगायचे आहे. लपवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या 200 टक्के दंड होऊ शकतो, शिवाय खटला. गंमत म्हणजे यंदा लपवून मिळणार काहीच नाही: नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंत करच नाही. उलट 2025-26 मध्ये अनिवासी मालकाला भाडे देताना भाडेकरूने कलम 195 प्रमाणे कर कापायला हवा होता. तो कापला असेल तर परतावा मिळवायला भावाला विवरणपत्र भरावेच लागेल, भाडे दाखवून.