ऑडिटरने पाहिलं तेवढंच लिही

अगं,

ऑडिट रिपोर्टच्या मराठी भाषांतराचा तुझा ड्राफ्ट वाचला. एनसी, म्हणजे अट मोडल्याची ऑडिटरची नोंद, आहे तशी लिहिली तर फार कडक वाटते, कंपनीवाले चिडतील, म्हणून तू ती "मायक्रोमीटरचे कॅलिब्रेशन वेळेवर करावे" अशी करून टाकलीस. हे नाही चालणार. ऑडिटरने सल्ला दिलेलाच नाहीये, त्याने एक गोष्ट डोळ्यांनी पाहिलीय. अट काय होती, पुरावा काय दिसला आणि अट कुठे मोडली, हे तीन भाग एनसीत लागतात आणि तुझ्या वाक्यात त्यातला एकही उरला नाही.

सरळ लिही ना, "फायनल इन्स्पेक्शनला वापरात असलेल्या मायक्रोमीटरची कॅलिब्रेशनची मुदत १२ मार्चला संपली होती, तरी २० एप्रिलला त्याच्यावर जॉब मोजले जात होते." गेजचा नंबर स्टिकरवर आहे अगदी तसाच ठेव, ऑपरेटर तो जुळवून बघतो. आणि दुसऱ्या टोकालाही जाऊ नकोस, "कंपनीत कॅलिब्रेशन होत नाही" असं त्याने म्हटलेलं नाही. एक गेज पाहिला तर एकच गेज. पाहिलं तेवढंच.

पुढचा घोळ जास्त मोठा आहे. करेक्शन आणि करेक्टिव्ह ॲक्शन, दोन्हीला तू "सुधारणा" लिहिलंयस. अगं, मायक्रोमीटर बाजूला काढून कॅलिब्रेशनला पाठवला ही झाली दुरुस्ती. मुदत संपल्यापासून त्याच्यावर मोजलेले जॉब बरोबर होते का हेही तपासायला लागतं, आयएसओ ९००१ मधला ७.१.५.२ तेच विचारतो, आणि तुझ्या ड्राफ्टमध्ये नेमकी ती ओळच गळालीय! कारण मात्र वेगळं आहे, नवीन गेज कॅलिब्रेशनच्या यादीत न चढवताच शॉपवर दिला गेला. म्हणून "यादीत नोंद झाल्याशिवाय स्टोअर गेज देणार नाही" ही सुधारात्मक कृती, कारण ती कारणावर बसते. दोन्हीला एकच शब्द दिलास तर वाचणाऱ्याला वाटेल की गेज कॅलिब्रेट करून आणला, विषय संपला, आणि पुढच्या ऑडिटला तीच एनसी परत.

"करण्यात येईल"ही काढ. मूळ रिपोर्टमध्ये स्टोअर इनचार्ज करणार असं आहे ना, मग इनचार्जच लिही. झालेलं काम आणि होणारं काम यांचा काळही बदलू नकोस, "केले आहे" लिहिलंस तर ऑडिटर त्याचा पुरावा मागणार.

मला एका एजन्सीने यावरूनच काम देणं बंद केलं, म्हणे तुमची भाषा टोचते. टोचू दे, मी तेव्हाही बदलली नाही. वाईट एवढंच वाटतं की त्यांना समोर बसून हे असं उलगडून सांगितलं नाही, नुसता हट्ट धरला. तुला सांगतोय म्हणून रागावू नकोस, तुझं मराठी छान आहे, शॉपवरच्या माणसाला कळेल असं आहे, म्हणून तर एवढा जीव तोडून लिहितोय.

आता स्टँडर्ड उघडून बस. जिथे 'शॅल' आहे तिथे "केलेच पाहिजे", 'शुड' असेल तिथेच "करावे". एवढं करून सगळ्या एनसी परत पाठव, मायक्रोमीटरची आधी.