मुलगा मधल्या सुट्टीत एकटाच उभा राहतो

प्रश्न: मुलगा दुसरीत आहे. जूनमध्ये शाळा बदलली, दोन महिने झाले तरी एकही मित्र नाही. मधल्या सुट्टीत नुसता बघत उभा राहतो. "जा ना, खेळ त्यांच्यात" म्हटलं की रडतो. काय करावं?

उत्तर:

माझी मुलगी तिसरीत असताना आम्ही नाशिकहून पुण्याला आलो. अख्खा जुलै तिने पाण्याच्या नळापाशी काढला. त्यात मी एक चूक केली, तीच आधी सांगते. मी तिला एक वाक्य पाठ करून दिलं: "मला खेळायला घ्याल?" बिचारी धीर करून गेली आणि "नाही, आमचे गडी झाले" ऐकून परत आली. विचारलं की उत्तर द्यावं लागतं, आणि खेळात रंगलेल्या पोरांचं सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे "नाही". त्यात दुष्टावा नसतो, त्यांना फक्त चालू डाव मोडायचा नसतो.

जी मुलं सहज मिसळतात त्यांच्याकडे नीट बघा. ती बहुतेक वेळा विचारतच नाहीत. थोडा वेळ जवळ उभं राहून खेळ कुठवर आलाय ते बघतात, लांब गेलेला चेंडू आणून देतात आणि डाव संपला की आत असतात. म्हणजे तुमचा मुलगा बघत उभा राहतो ती अर्धी पायरी झालेलीच आहे. फक्त तो तिथेच थांबतो.

पुढची पायरी आम्हाला सापडली ती चकण्यात. नवा डाव सुरू होताना राज्य कुणावर हे ठरवायला मुलं गोल करून हात पुढे करतात, कुणी पालथा, कुणी उताणा, आणि ज्याचा वेगळा तो सुटला. त्या क्षणी गोलात आणखी एक हात आला तर सहसा कुणी हटकत नाही. एक शब्दही बोलावा लागत नाही, आणि लाजणाऱ्या मुलाला नेमकं तेच हवं असतं. आम्ही घरी मी, तिचा बाबा आणि ती असे आठवडाभर चकलो. हात कधी घालायचा, शेवटी दोघंच उरले तर काय करायचं, सगळं. हसू नका, पण पुण्यातल्या मुलांची म्हणायची पद्धतही वेगळी निघाली, तीही शिकावी लागली.

खेळ कोणता, यावरही बरंच अवलंबून असतं. क्रिकेट, कबड्डीत गडी मोजलेले असतात, तिथे नवा माणूस अडचणच. साखळी, विषामृत, डोंगर-पाणी यांत कितीही जण चालतात. साखळीत तर पकडला गेलेलाही हात धरून खेळातच राहतो, म्हणून आम्ही साखळीच धरली. त्यासाठी शाळेत काय चालतं ते कळायला हवं. मी "आज कुणाशी मैत्री झाली?" हा रोजचा प्रश्न बंद केला आणि "आज कोण काय खेळलं?" विचारू लागले. पहिल्या प्रश्नाला ती गप्प बसायची, दुसऱ्याला भरभरून सांगायची.

पहिल्या दिवशी हात घातला, पण तिला मागे ढकललं. दिवसाला एकदाच प्रयत्न करायचा असं आमचं ठरलं होतं, म्हणून त्या दिवशी विषय तिथेच संपला. तिसऱ्या दिवशी ती खेळली. पुढे एक भानगड झाली: नवीन म्हणून रोज तिच्यावरच राज्य, आणि पोरं तिला पिदवायची. संध्याकाळी पाय दुखतात म्हणाली तेव्हा कळलं. "आत्ता मी दिलंय, परत चका" एवढं एक वाक्य मात्र मोठ्याने बोलायचा सराव करून घ्यावा लागला.

याच्या जोडीला शनिवारी एकच मूल घरी बोलवा. दोन नको, दोघं आले की त्यांची जोडी जमते आणि यजमानच बाहेर. तासाभरापुरतं, हाताला काम देणारं काहीतरी ठेवा. आम्ही भेळ करायला बसवलं, एकीकडे कांदा-टोमॅटो मिसळणं, दुसरीकडे चुरमुरे. बोलायचा विषय आपोआप समोर असतो. रंगात असतानाच आवरा.

बाईंनाही सांगा, पण "याला खेळायला घ्या रे" असं वर्गात जाहीर करू नका म्हणावं. त्याऐवजी वह्या वाटायला एखाद्या शांत मुलाबरोबर जोडी लावून द्या म्हणावं. आणि त्याच्यादेखत पाहुण्यांना "आमचा लाजाळू आहे हो" सांगू नका.

एक मात्र बाईंना नक्की विचारा: तो वर्गात बोलतो का? घरी पोपटासारखा बोलणारा मुलगा शाळेत महिनाभराहून जास्त काळ कुणाशीच, अगदी बाईंशीही बोलत नसेल, तर तो सिलेक्टिव्ह म्युटिझम असू शकतो. तिथे हे चकणं-बिकणं पुरायचं नाही, बालमानसतज्ज्ञांना दाखवा. तसंच तो बघत उभा न राहता खेळणाऱ्यांपासून लांब पळत असेल, डबा तसाच परत येत असेल, तर आधी कुणी त्रास देतंय का ते शोधा.