पेमेंट गेटवेच्या सेटलमेंट रिपोर्टचा फोटो आलाय. ग्रॉस सेल्स, फीज, रिफंड आणि नेट डिपॉझिट एवढंच दिसतंय. माझ्या विक्रीशी हे जुळवायचं कसं?

नेट डिपॉझिटवरून मागे जाऊ नका, ग्रॉसवरून पुढे या. याच गोष्टीवरून आमच्या घरात बराच काळ वाद चालला होता, म्हणून सविस्तर लिहिते.

कोल्हापुरात आमचं चपलांचं दुकान आहे आणि वेबसाइटवरूनही विक्री होते. वह्या मी बघते. धाकट्या दिरांचं म्हणणं ठाम होतं, "वैनी, बँकेत आलं ती विक्री. बाकीचं आपलं नव्हंच." एका आठवड्याचा असाच फोटो आला. ग्रॉस ८४,००० म्हणजे २,४०० चे ३५ जोड, फी १,९८२.४०, रिफंड ४,८०० आणि नेट ७७,२१७.६०. भाऊजींनी स्वतः हिशोब केला तर ७७,३३०.८८ यायला हवे होते. ११३.२८ कमी. गेटवेवाला पैसे खातोय, असं ते दुकानभर सांगत होते.

मी आधी फोटोतलीच बेरीज-वजाबाकी तपासली. ८४,००० − १,९८२.४० − ४,८०० = ७७,२१७.६०. आकडे आपसात जुळतात, म्हणजे फोटो वाचताना ३ चा ८ झालेला नाही. मग फीला ग्रॉसने भागलं, २.३६ टक्के आले. आमचा करार २ टक्क्यांचा आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बरोबर २.३६. फीच्या रकान्यात जीएसटी धरलेला आहे, हे इथंच कळलं. भागाकार २ आला असता तर जीएसटीची ओळ वेगळी शोधावी लागली असती.

आता ते ११३.२८. भाऊजींनी विक्रीतून रिफंड आधी वजा केला आणि उरलेल्या ७९,२०० वर फी काढली. पण आमचा गेटवे फी विकलेल्या पूर्ण रकमेवर घेतो आणि माल परत आला तरी ती परत देत नाही. ४,८०० चे २.३६ टक्के काढा, नेमके ११३.२८ येतात. तुमचा फरकही फीच्या दराने भागून बघा. उत्तर रिफंडच्या रकमेएवढं आलं तर चोर सापडला. मापाचा घोळ होऊन चप्पल परत येते तेव्हा ही फी आपल्या खिशातून जाते, म्हणून मी वेबसाइटवर पायाचं माप सेंटीमीटरमध्ये टाकायला लावलं.

दुसरा घोळ तारखांचा. परत आलेल्या दोन जोडांपैकी एक मागच्या महिन्यात विकलेला होता. त्या आठवड्याच्या ऑर्डरींत तो शोधून सापडणारच नव्हता. मागच्या महिन्याची विक्री खोडायची नाही, या महिन्यात क्रेडिट नोट काढायची.

आणि "बँकेत आलं ती विक्री" हे साफ चूक आहे, मी आजही तेच म्हणेन. ७७,२१७.६० विक्री दाखवली की चपलांवरचा जीएसटी कमी भरला जातो आणि त्यावर वर्षाला १८ टक्के व्याज लागतं. शिवाय फीवर भरलेल्या ३०२.४० जीएसटीचं क्रेडिट कोणी घेतच नाही. फी हा खर्च आहे, ती विक्रीतून गुपचूप वजा होत नाही.

वहीत गेटवेच्या नावाचं वेगळं खातं उघडा. ऑर्डरीच्या दिवशी पूर्ण रक्कम तिथं नावे, म्हणजे गेटवेकडून येणं. फी, रिफंड आणि बँकेत आलेली रक्कम त्याच खात्यात जमेला. शिल्लक उरेल ती फक्त वाटेतल्या पैशाची, कारण पैसे साधारण दोन कामाच्या दिवसांनी येतात. ३० आणि ३१ मार्चची विक्री एप्रिलमध्ये बँकेत दिसते, ती या खात्यात येणं म्हणून राहते. जुनी शिल्लक तशीच पडून राहिली तर समजा, एखादी रक्कम अडकली आहे किंवा रिफंड दोनदा लिहिला गेला आहे. बँकेतली एंट्री यूटीआर नंबरने जुळवा, नुसत्या रकमेने नको.

हे सगळं एकच दर असताना सरळ बसतं. यूपीआय, परदेशी कार्ड, ईएमआय यांचे दर वेगळे असतील तर फोटोवरून फी तपासता येत नाही, व्यवहारागणिक फाइल उतरवून घ्यावी लागते. २,००० रुपयांपर्यंतच्या कार्ड व्यवहारांवर फीच्या जीएसटीला सूट असू शकते, तेव्हा टक्का २.३६ पेक्षा कमी येईल. काही गेटवे रिफंडवर फी परतही करतात, आपला करार काढून वाचा. क्रेडिट घ्यायचं तर गेटवेचं महिन्याचं कर बिल हवं आणि ते जीएसटीआर-२बी मध्ये दिसायला हवं. फोटो चालत नाही.