‘आधी चौकशी, मग पोलीस’ हे कलम मसुद्यातून काढा

नाशिकमधील तुमच्या शाळेच्या बालसंरक्षण धोरणाच्या मसुद्यातील, शाळेने आधी स्वतः चौकशी करून मगच पोलिसांना कळवावे असे सांगणारे हे कलम मला सर्वांत धोकादायक वाटते, कारण २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार मुलांवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळालेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि त्यासाठी मुख्याध्यापकांच्या परवानगीची अट नाही. समजा, पाचवीतल्या मुलीने व्हॅनचालकाविषयी वर्गशिक्षिकेला सांगितले, तर बाईंनी खोदून न विचारता तिचेच शब्द तारीख-वेळेसह त्याच दिवशी लिहून सही करावी. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये. ही नोंद बालसंरक्षणाची जबाबदारी सोपवलेल्या शिक्षकांकडे कुलूपबंद राहावी, तर इतरांना मुलीला त्या व्हॅनने पाठवायचे नाही एवढेच कळावे. तक्रार मुख्याध्यापकांविरुद्धच असल्यास ती कोणाकडे जाईल, हेही स्पष्ट लिहा.