आधी पाय बसवा, व्हील शेवटी

प्रश्न: घरीच कमी बजेटमध्ये रेसिंग सिम रिग बनवायची आहे. लॉजिटेकचं जी२९ व्हील आहे, टेबल आणि ऑफिस चेअरवर पाठ-मान दुखते. सीटचं अंतर, पेडलचा अँगल, व्हीलची उंची किती ठेवू? नागपुरात सामान कुठून घेऊ?

व्हीलची उंची सगळ्यात शेवटी ठरते भाऊ, आणि सगळे तिथूनच सुरू करतात. आमच्या दादानं, म्हणजे चुलतभावानं, तेच केलं. सेकंडहँड ॲक्टिव्हा आली असती एवढ्या पैशाचं, थेट मोटरवर बसणारं डायरेक्ट ड्राइव्ह व्हील आणलं आणि स्टडी टेबलाला अडकवलं. ब्रेक दाबला की चाकाची खुर्ची मागे आणि पेडल टाइलवरून पुढे. वर म्हणे, "व्हीलचं सेटिंग जमून नाही राह्यलं." अरे तू दरवेळी वेगळ्या अंतरावरून ब्रेक दाबून राह्यला, सेटिंग काय करणार बे?

मग कुठंतरी एफ-वनच्या ड्रायव्हरचा फोटो पाहिला आणि भंगारातली अल्टोची सीट आणून थेट जमिनीवर ठेवली. टेबल मात्र तेच, ७५ सेंटीमीटरचं. एसटीत वरचा दांडा धरून उभं राहावं तसे हात वर, पंधरा-वीस मिनिटांत मान भरून यायची, आणि नडगीचा पुढचा भाग दुखायचा तो वेगळाच. याचं खापरही त्यानं व्हीलच्या ताकदीवर फोडलं.

शेवटी मी लकडगंजातून १८ एमएमचा प्लाय आणि दोन लांब लाकडं आणली आणि सीट न् पेडल एकाच फ्रेमवर बसवले. ही एकच गोष्ट केली तरी अर्धं काम होते, कारण ब्रेकचा जोर सीटच्या पाठीवर येतो आणि फ्रेम एकच असली की कोणीच सरकत नाही. सीटखाली लाकूड टाकून बूड टाचेपेक्षा साधारण २५ सेंटीमीटर वर घेतलं, आणि सीटची पुढची कड थोडी जास्त उचलली, म्हणजे मांडीला आधार मिळतो आणि जोरात ब्रेक मारताना माणूस खाली घसरत नाही.

आता अंतर. पाठ सीटला पूर्ण टेकवा, टाच टेकवा, चवडा ब्रेकवर ठेवा आणि ब्रेक पूर्ण दाबा. त्या क्षणी गुडघा थोडा वाकलेला राहिलाच पाहिजे, १२० ते १३५ अंशांच्या आसपास. पाय सरळ झाला किंवा कंबर सीटवरून सुटली तर लांब आहे, सीट पुढे घ्या. बाजूनं मोबाईलवर फोटो काढला की लगेच दिसते. अल्टोच्या सीटची मूळ स्लायडर रेल काढू नका, घरातलं दुसरं कोणी बसलं की कामी येते.

दादाच्या नडगीचं कारण पेडलचा अँगल होता. सीट जेवढी खाली, तेवढा पाय आडवा येतो आणि तळवा उभा होतो, पण पेडल जमिनीवर तसेच सपाट. मग पेडलवर नुसता पाय ठेवायलाही चवडा पुढे ताणून ठेवावा लागते. सीट वर घेतल्यावर त्रास कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. म्हणून पेडलचं युनिट ३० सेंटीमीटर खोलीच्या फळीवर बसवून तिची भिंतीकडची कड ८ सेंटीमीटर उचलली, साधारण १५ अंश झाले. टाचही त्याच फळीवर पाहिजे, नाहीतर काही उपयोग नाही. पाय नुसता ठेवल्यावर घोट्यात जवळपास काटकोन दिसला की थांबायचं. उलट जास्त उचललं तर बोटं अंगाकडे ओढली जातात आणि पोटरी ताणते.

व्हील आता. खांदे सीटला टेकवून हात सरळ केला की मनगट रिमच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे, आणि दोन्ही बाजूंनी धरल्यावर कोपर नीट वाकलेलं. मूठ खांद्याच्या वर नको. दादाच्या रिगवर व्हीलचा मध्य जमिनीपासून ६६ सेंटीमीटरवर आला, म्हणजे टेबलाच्या फळीच्याही खाली! गुडघा रिमला घासला तर फार खाली गेलं समजा. मानदुखी गेली, त्याचे लॅपही एकसारखे येऊ लागले, तरी गडी अजून पाहुण्यांना सांगते की व्हीलचं फर्मवेअर अपडेट केल्यानं फरक पडला.

हे आकडे पाच फूट आठ इंचाच्या माणसाचे आहेत, तुमचे वेगळे येतील, टेस्ट मात्र त्याच. जी२९ ला प्लाय पुरते. पुढेमागे लोडसेल ब्रेक, म्हणजे पायाचा जोर मोजणारा ब्रेक, घ्यायचा असेल तर प्लाय वाकते, तेव्हा फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी चौकोनी पाइपची फ्रेम वेल्ड करून घ्या. आणि भंगारातून सीट घेताना साइड एअरबॅगवाली घेऊ नका, साधी जुनी घ्या.